पिवळा डबा परत का पाठवला

पालकहो, गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने चित्रकलेच्या तासाला घरचं दार रंगवून उरलेला पिवळा ऑइल पेंट आणला. मी डबा परत पाठवला. रंग छान होता आणि मुलगा हिरमुसला, म्हणून तुम्हाला कारण सांगते.

असा झळझळीत पिवळा यावा म्हणून ऑइल पेंटमध्ये वर्षानुवर्षं लेड क्रोमेट घालत आले. ते स्वस्त पडतं आणि खालचं सगळं झाकतं. पण त्यात शिसं असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, म्हणजे वाळलेल्या किलोभर रंगात ९० मिलिग्रॅम, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आपल्या बुवापाड्यातल्या कित्येक घरांचे दरवाजे त्याआधीच रंगलेले आहेत.

समजा, जुन्या रंगात एक टक्का शिसं आहे. तिळाएवढी, ३ मिलिग्रॅमची खपली नखात अडकली आणि मूल तसंच जेवायला बसलं, तर पोटात ३० मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातून दिवसभरात जाणाऱ्या शिशासाठी २.२ मायक्रोग्रॅम हा आकडा धरला आहे. मोठ्या माणसाच्या पोटातून गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग रक्तात जातो, लहानांच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. पोट रिकामं असेल किंवा अंगात लोह कमी असेल तर आणखी. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. वाढत्या मेंदूवर परिणाम होत असतो, तरी बाहेरून काही दिसत नाही. रक्त तपासलं तरच कळतं.

डबा पाहून किंवा वास घेऊनही शिसं ओळखता येत नाही. म्हणून वर्गात पाण्यात मिसळणारेच रंग, तेही उत्पादकाचं नाव आणि चाचणीचं मानक छापलेले. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ मला पुरत नाही. सुटी रंगपूड नकोच.

मातीकामाला शाडू, आणि तोही ओलाच. वाळलेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारू देत नाही, कारण त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसून गुळगुळीतपणा येतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांच्या हाती देत नाही. पाणी पडलं की ते घट्ट होताना तापतं. पातळ थर लगेच निवतो, बादलीभर गोळ्यातली उष्णता मात्र आतच कोंडते. २००७ साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने हातांचा ठसा घ्यायला हात त्यात बुडवले. प्लास्टर घट्ट झालं, हात निघेनात, आणि भाजून तिला बहुतेक बोटं गमवावी लागली.

घरी दाराचा जुना रंग खरवडायचा असेल तर पाणी मारून, मुलं घरात नसताना खरवडा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.