नळाच्या झोतावरील पेल्टन चक्र आणि त्याच्या कार्यक्षमतेचे मापन

विज्ञान प्रदर्शनांत नळाच्या पाण्यावर गरगर फिरणारे छोटे जलचक्र हमखास आढळते. त्याला सायकलचा डायनामो जोडलेला असतो व दिवा पेटलेला दिसतो. परंतु हे चक्र पाण्यातील किती शक्ती प्रत्यक्ष कामी लावते, असे विचारल्यास उत्तर बहुधा मिळत नाही. दिवा पेटला, एवढ्यावरून ते सांगताही येत नाही, कारण मधल्या डायनामोत बरीच शक्ती खर्ची पडते. चक्राची परीक्षा करावयाची तर त्याच्या आसावरच करावी लागते. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत : दोन तानकाटे, एक दोरी, एक बादली आणि घड्याळ.

लेस्टर पेल्टन याने कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या परिसरात हे चक्र सिद्ध केले आणि १८८० मध्ये त्याचे एकस्व मिळविले. चक्राच्या परिघावर जोडवाट्या असतात. दोन वाट्यांमधील धारदार कण्यावर पाण्याचा झोत आदळतो, दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ उलट दिशेला वळून बाहेर पडतो. सपाट फळीवर पाणी नुसते आपटून बाजूस सांडते. वाटीतून ते मागे फिरते, म्हणून त्याचा रेटा अधिक मिळतो. वाटीची गती झोताच्या गतीच्या सुमारे निम्मी असली म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात फारशी गती उरत नाही. त्याची बहुतेक ऊर्जा चक्राने घेतलेली असते. १९१५ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या खोपोली केंद्रात आणि कोयनेच्या पोफळी येथील भूमिगत केंद्रात सह्याद्रीचा उंच कडा उतरून आलेले पाणी याच तत्त्वावर चक्रे फिरविते.

आता एका शाळेत केलेली प्रतिकृती पुढीलप्रमाणे आहे असे धरू. छपरावरील टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा ९ मीटर उंच आहे. नळाला ६ मिलिमीटर छिद्राची निमुळती तोटी बसविली आहे. चक्राच्या मध्यापासून वाटीच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे जेथे झोत लागतो ती त्रिज्या, १० सेंटिमीटर आहे.

प्रथम झोताची शक्ती काढावी. नळ पूर्ण उघडून बादली भरण्यास लागणारा वेळ पाहावा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर दर सेकंदास पाव लिटर, म्हणजे पाव किलोग्रॅम पाणी येते. गती काढण्यासाठी चक्र बाजूस सारून झोत अंगणात अगदी आडवा सोडावा. तोटी जमिनीपासून १ मीटर उंच असेल, तर पाणी खाली येण्यास ०.४५ सेकंद लागतो, मग त्याची गती कितीही असो. तेवढ्या वेळात ते ४.५ मीटर दूर पडले, तर झोताची गती सेकंदास १० मीटर ठरते. वस्तुमानाच्या निम्म्याला गतीच्या वर्गाने गुणले की शक्ती मिळते. येथे ती १२.५ वॅट आली. यानंतर नळाच्या चावीला हात लावू नये. चावी थोडी जरी फिरली, तरी हा आकडा निरुपयोगी होतो. चाचणी चालू असताना टाकीची पातळी फार उतरू देऊ नये, आणि खाली सांडणारे पाणी टिपात धरून पुन्हा वापरावे, कारण वीस मिनिटांत ३०० लिटर पाणी जाते.

पुढचे काम पीळ, अर्थात टॉर्क, मोजण्याचे. आसावर छोटी कप्पी बसवून तिच्यावरून दोरी घ्यावी व दोरीच्या दोन्ही टोकांना तानकाटे अडकवून दोरी ताणावी. कप्पी दोरीला घासून फिरते, तेव्हा एक काटा अधिक दाखवितो व दुसरा कमी. या दोन वाचनांतील फरक हेच चक्रावरील ओझे होय. एकच काटा वाचणे ही नेहमीची चूक आहे. कप्पीची त्रिज्या घेताना तीत दोरीची अर्धी जाडी मिळवावी. येथे ती मिळवून ३ सेंटिमीटर होते असे समजू.

फेरे मात्र डोळ्यांनी मोजता येत नाहीत. चक्रावर एक पांढरी खूण करून मोबाइलवर मंदगती चित्रण घ्यावे आणि एका फेऱ्यास किती चित्रे लागली ते मोजावे. सेकंदास २४० चित्रे घेतली जात असतील व एका फेऱ्यास ३७ लागली, तर चक्र सेकंदास साडेसहा, म्हणजे मिनिटास ३९० फेरे करते.

दोरी हळूहळू ताणत गेल्यास वाचने अशी येऊ शकतात. ओझे नसता ७६० फेरे. काट्यांतील फरक १८० ग्रॅम असता ६२०, ५०० ग्रॅम असता ३९० आणि ७५० ग्रॅम असता केवळ २०० फेरे. यांपैकी मधले वाचन घेऊ. ५०० ग्रॅम वजन म्हणजे ४.९ न्यूटन बळ, त्याला ०.०३ मीटरने गुणता पीळ ०.१४७ न्यूटन-मीटर येतो. कप्पीचा घेर सुमारे १८.८ सेंटिमीटर असल्याने दोरीखालून तिचा पृष्ठभाग सेकंदास १.२२ मीटर सरकतो. बळ व ही गती यांचा गुणाकार ६ वॅट. साडेबारा वॅटपैकी सहा मिळाले, तेव्हा कार्यक्षमता ४८ टक्के झाली. याच रीतीने पहिल्या ओझ्यास २७ व शेवटच्यास ३७ टक्के येतात. सर्वांत वेगाने फिरणारे चक्र सर्वांत अधिक काम करते, हा समज येथेच मोडतो. ओझ्याविना ७६० फेरे करणारे चक्र उपयुक्त काम काहीच करीत नसते.

उरलेली शक्ती गेली कोठे, हेही ओझ्याविना मिळालेल्या फेऱ्यांवरून अजमावता येते. घर्षण मुळीच नसते, तर वाट्या झोताच्याच गतीने धावल्या असत्या आणि मिनिटास सुमारे ९५५ फेरे झाले असते. ते ७६० वर अडकले, कारण बेअरिंगचे घर्षण आणि वाट्यांवर परत आदळणारे तुषार. हा विरोध सर्व गतींना सारखाच राहतो असे धरले, तर ३९० फेऱ्यांना तो सुमारे ३ वॅट खातो आणि बाकीचे साडेतीन वॅट वाटीतून नीट न वळलेले पाणी घेऊन जाते. मोकळे फेरे फारच कमी असतील तर आधी बेअरिंग तपासावे. ते चांगले असूनही ओझ्याखाली शक्ती कमी पडत असेल, तर वाट्यांचा आकार किंवा झोताचा नेम चुकला आहे असे समजावे. झोत कण्याच्या मधोमध न लागता एका बाजूस सरकला, तर पाणी एकाच वाटीतून जास्त उडताना दिसते. चमचे कापून केलेल्या वाट्यांत कणाच नसल्याने हा दोष जन्मतःच असतो. मोठ्या पेल्टन चक्रांची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते; तिची तुलना या खेळण्याशी करण्यात अर्थ नाही, कारण लहान चक्रात घर्षणाचा वाटा प्रमाणाबाहेर मोठा होतो.

४८ टक्के हा आकडा झोताच्या शक्तीशी तोललेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. टाकीतील पाणी ९ मीटर उंचीवर होते. त्या उंचीवरून दर सेकंदास पाव लिटर पाणी उतरते, तेव्हा उपलब्ध शक्ती २२ वॅट असते. परंतु झोताची गती पाहता त्याला केवळ ५.१ मीटर उंचीचेच बळ उरले होते. जवळजवळ ४ मीटर उंची अरुंद नळ, वळणे व चावी यांनीच गिळली. टाकीशी तुलना केल्यास त्याच ६ वॅटची कार्यक्षमता २७ टक्केच ठरते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला चक्राविषयी सांगतो, दुसरा संपूर्ण मांडणीविषयी. डोंगराळ गावात ओढ्यावर लहान वीजसंच बसविण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे येतो, तेव्हा कागदावरील कार्यक्षमता यांपैकी कोणती, हे विचारून घ्यावे. नळवाहिनी जितकी लांब व अरुंद, तितके या दोहोंतील अंतर वाढते, आणि अशा वेळी चक्र बदलण्यापेक्षा नळाचा व्यास वाढविणे अधिक लाभाचे ठरते.