ब्लॅक बुक सबमिट करण्याआधी: नियम कुठे शोधायचा आणि काय विचारायचं

विरार लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आमच्या नंदाखालमधली एक मुलगी यंदा टीवायबीएस्सी आयटीला आहे. तिने मला विचारलं, "दादा, ग्रुपवर सगळे सांगतायत की १० टक्क्यांच्या वर गेलं तर ब्लॅक बुक रिजेक्ट. माझं ३४ आलंय. शिवाय एका चॅप्टरचं इंग्लिश मी चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलंय. आता?"

आधी हे १० टक्के आले कुठून ते बघू. यूजीसीने २०१८ मध्ये प्लेजरिझमबद्दल नियमावली काढली. तिच्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष थांबायचं आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. पण हे टप्पे प्रबंधासाठी आहेत, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडीच्या थिसिससाठी. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका या नियमावलीने व्याख्येतूनच बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे बीएस्सीच्या ब्लॅक बुकला तो आकडा आपोआप लागू होत नाही. तिथे कॉलेजने किंवा विद्यापीठाने जे ठरवलंय ते चालतं, आणि ते १० पेक्षा सैल किंवा कडक, काहीही असू शकतं. दुसरं म्हणजे चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०१८ च्या नियमात त्याचं उत्तर शोधून मिळणार नाही.

मग कॉलेजचा नियम शोधायचा कसा? यूजीसीच्या म्हणण्याप्रमाणे संस्थेने ही पॉलिसी वेबसाइटच्या होमपेजवर ठेवायला हवी. तिथे नसेल तर रिसर्च, लायब्ररी आणि आयक्यूएसी ही पानं उघडा. तरी सापडलं नाही तर गूगलमध्ये असं टाका, फक्त पत्ता तुमच्या कॉलेजचा घाला:

```
site:yourcollege.edu.in plagiarism filetype:pdf
site:yourcollege.edu.in "academic integrity"
```

पीडीएफ मिळाली की तीन गोष्टी बघा: तारीख, ती कोणाला लागू आहे, आणि त्यात एआयचा उल्लेख आहे का. जुनी पीडीएफ फक्त पीएचडीबद्दल बोलत असेल, तर ती तुमचं उत्तर नाही. मग डिपार्टमेंटचं यंदाचं प्रोजेक्ट सर्क्युलर मागा.

आता ते ३४ टक्के. आम्ही रिपोर्ट उघडून रंगवलेल्या ओळी वाचल्या. बराच भाग सर्टिफिकेट, डिक्लरेशन आणि संदर्भसूचीचा होता. हा मजकूर सगळ्या बॅचचा सारखाच असतो. तो वगळल्यावर १९ उरले. त्यातला मोठा तुकडा म्हणजे अँड्रॉइडची ओळख करून देणारी दोन पानं, एका वेबसाइटवरून जशीच्या तशी उचललेली. खरी अडचण तीच. तिथे चार शब्द बदलून भागत नाही. आपल्या ॲपला लागेल तेवढंच स्वतःच्या वाक्यांत लिहायचं आणि स्रोत द्यायचा.

एआयचा आकडा मात्र वेगळा असतो. टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये साम्याचा आकडा आणि एआयचा आकडा स्वतंत्र दिसतात. साम्याच्या आकड्यामागे मूळ मजकूर उघडून दाखवता येतो. एआयचा आकडा हा अंदाज असतो, समोर ठेवायला मूळ मजकूर नसतो. म्हणून तो चुकला तर काय करायचं, हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

तिने गाईड मॅडमना पाठवलेला ईमेल असा होता:

"मॅडम, सबमिशनआधी चार गोष्टी विचारायच्या होत्या. १. साम्याची मर्यादा किती, आणि त्यात सर्टिफिकेट, संदर्भसूची व कोड धरतात का? २. भाषा सुधारण्यासाठी एआय वापरलेलं चालतं का? चालत असेल तर ते कुठे नमूद करू? ३. ड्राफ्ट तपासायला दिला तर तो डेटाबेसमध्ये साठवला जातो का? ४. आकडा जास्त आला तर आधीचे ड्राफ्ट दाखवून बाजू मांडता येते का?"

तिसरा प्रश्न बऱ्याच जणांना सुचत नाही. ड्राफ्ट साठवला गेला, तर फायनल कॉपी तुमच्याच ड्राफ्टशी जुळते आणि आकडा एकदम वर जातो. सेटिंग बदलणं तपासणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून ते आधी सांगावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नात "एआय चालतं का?" एवढंच विचारू नका. भाषा सुधारणं, कोड लिहिणं आणि अख्खा चॅप्टर लिहून घेणं, या तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. तुम्ही जे केलंय तेच नाव घेऊन विचारा.

उत्तर तोंडी मिळालं, तर त्याच दिवशी "आपण सांगितल्याप्रमाणे..." असं लिहून ईमेल करा. गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री आणि गिटचे कमिट रिझल्ट लागेपर्यंत डिलीट करू नका. चौथ्या प्रश्नाची वेळ आलीच, तर दाखवायला तेच असतं. आणि डिक्लरेशनवर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. "हे काम माझं आहे" या वाक्याखाली नाव तुमचं असतं, ग्रुपचं नाही.