पडदा उजळण्याआधीचा आवाज

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. सुरू होताना त्याचा एक छोटा बीप ऐकू आला की सगळं ठीक आहे असं समजायचं. पडदा चालू होण्याआधीच बिघाड असला तर मात्र त्याला आवाजाचाच आधार होता. पडद्यावर अक्षर उमटायला ग्राफिक्स कार्ड कामाला लागावं लागतं, आणि त्याआधी थोडी तरी मेमरी चालू हवी. बीपला या दोन्हींची गरज नसते. प्रोसेसर बायोसच्या चिपमधल्या सूचना वाचतो आणि स्पीकर वाजवतो.

आधी मेमरी, मग ग्राफिक्स हा तपासणीचा क्रम पुढची अनेक वर्षं टिकला. बीपमधली सर्वांत मोलाची माहिती मला तरी या क्रमातच दिसते. यंत्र ग्राफिक्सची तक्रार करतंय, याचा अर्थ मेमरीची पहिली चाचणी पार पडलेली आहे.

गोंधळ झाला तो खुणांचा. आयबीएमशी जुळणारे पीसी निघू लागले, तसे बायोस विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले कोड ठरवले. एक लांब आणि तीन छोटे बीप हे जुन्या एएमआय बायोसमध्ये मेमरीचं दुखणं, तर अवॉर्डमध्ये ग्राफिक्सचं. त्यामुळे बीप मोजण्याआधी बायोस कोणाचा हे बघावं लागतं. जुन्या मदरबोर्डवर बायोसच्या चिपवर बहुधा तसं लेबल असतं.

आर्नहेममध्ये एका ओळखीच्या मराठी घरातला जुना डेस्कटॉप असाच एक लांब, तीन छोटे वाजवून थांबत होता. मेमरी बदलायचं घरात जवळपास ठरलं होतं. चिपवर नाव अवॉर्डचं निघालं. खात्री करायला विजेची वायर काढून मेमरीच्या सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आता लांब बीप एकामागून एक वाजत राहिले. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत होते, आणि मेमरी नसल्याचं त्यांना कळत होतं. पट्ट्या परत बसवल्यावर जुनाच ठेका आला. मग ग्राफिक्स कार्ड काढलं, त्याची सोनेरी किनार खोडरबरानं हलकेच पुसली आणि कार्ड खटका लागेपर्यंत दाबून बसवलं. एक छोटा बीप झाला आणि पडदा उजळला. तसं झालं नसतं, तर दुसरं कार्ड लावून पाहायचं होतं. मेमरीवर खर्च करण्यात काहीच अर्थ नव्हता.

अर्थात, सुरुवातीची ही चाचणी वरवरचीच असते. एखादा खराब भाग तिच्यातून सुटतो आणि काम करताना यंत्र मधेच अडकतं. तिथे मेमटेस्ट८६ सारखा प्रोग्रॅम तासन् तास चालवावा लागतो.

आता बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकरच येत नाही. अनेक नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात, आणि यंत्र अडेल तिथला दिवा पेटून राहतो. डीडीआर५ मेमरी नव्यानं बसवली की तिची जुळणी व्हायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ डीरॅमचा दिवा तसाच राहतो आणि पडदा काळाच असतो. अशा वेळी घाईनं बटण बंद करू नये, कारण जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.