जाहिरात तीच, मग बदललं काय? दोन व्हिडिओंतला फरक असा पकडा

समजा, मोबाइल रिचार्जच्या एकाच जाहिरातीच्या २० सेकंदांच्या दोन आवृत्त्या आपल्याकडे आहेत. शेजारीशेजारी लावून पाहिल्या की नजर चेहऱ्यांवर खिळते आणि तळाची बारीक ओळ निसटते. त्यापेक्षा त्या एकमेकींवर ठेवा. संगणकावर मोफत मिळणाऱ्या DaVinci Resolve मध्ये वरच्या क्लिपचा Composite Mode बदलून Difference करा. सारखं असेल ते काळं होतं, बदललेलं तेवढं उजळतं.

त्याआधी दोन्ही क्लिप एखाद्या ठळक कटवर जुळवा. एका फ्रेमचा फरक राहिला, तरी हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची कड चमकते. ८व्या सेकंदापर्यंत काळं आणि पुढे सगळंच उजळलं, तर तिथे दृश्य कापलं किंवा वाढवलं असण्याची शक्यता जास्त. पुढचा भाग तोडून पुन्हा जुळवा. फाइल व्हॉट्सॲपवरून आली असेल, तर पडदाभर मंद मुंग्या दिसतात. तो बदल नव्हे, कॉम्प्रेशन. मात्र त्यांत बारीक अक्षरं लपतात, म्हणून तळाची पट्टी मोठी करून वाचाच.

आवाजासाठी Audacity मध्ये दोन्ही ट्रॅक नेमके जुळवून एकावर Invert द्या आणि एकत्र वाजवा. सारखा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या उदाहरणात १४व्या सेकंदाला दोन वाक्यं एकमेकांवर आदळतात: ‘फक्त ९९ रुपयांत’ आणि ‘९९ रुपयांपासून’. पडद्यावर दोन्हीकडे नुसतं ‘९९’ आहे, त्यामुळे चित्र तिथे काळंच राहिलं होतं.