शंभर टक्के झाल्यावरही प्लग का काढू नये?

ई-स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत ‘सेल बॅलन्सिंग’चं मराठी ‘सेलमध्ये चार्जचं समान वाटप’ असं केलं, तर वाचायला छान वाटतं. पण बहुतेक स्कूटरमध्ये वाटप होतच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पॅकमध्ये समजा सोळा सेल एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. चार्जिंग होताना एक सेल आधी भरून 3.65 व्होल्टवर पोहोचतो, बाकीचे अजून 3.40 वरच असतात. त्या एकाला धोका नको म्हणून बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट अख्ख्या पॅकचं चार्जिंग थांबवतं. मग ते पुढे गेलेल्या सेलचा जादा चार्ज एका रेझिस्टरमधून उष्णतेच्या रूपात घालवून टाकतं. मागे राहिलेल्यांना त्यातलं काहीच मिळत नाही. म्हणून ‘सेल एका पातळीवर आणणे’ हे मला जास्त खरं वाटतं.

हे काम फार सावकाश चालतं. फरक एक अँपिअर-तासाचा आणि प्रवाह 0.1 अँपिअरचा असेल, तर दहा तास लागतात. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहायलाच हवं, नाहीतर माणूस काटा भरताच प्लग काढतो.

त्या काट्यावरच्या ‘स्टेट ऑफ चार्ज’ला ‘चार्जची पातळी’ म्हणावं. ‘बॅटरीची स्थिती’ म्हटलं, की वाचक बॅटरी किती झिजली ते शोधू लागतो. जुनी, झिजलेली बॅटरीही शंभर टक्के दाखवते, फक्त गाडी कमी पळते.