विश्लेषण : बँक विलीन झाली आणि पेन्शन दुसऱ्याच्याच खात्यात गेली, निवृत्त कारकुनाच्या पत्राने ती परत कशी मिळाली?

तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ नागरिकाची पेन्शन सलग दोन महिने खात्यात आली नाही. महिन्याला ३१,४६० रुपये, म्हणजे दोन महिन्यांचे ६२,९२०. पत्नीची औषधे आणि घरखर्च सगळा त्यावरच. कोषागाराच्या खिडकीवर उत्तर मिळाले, ‘पैसे गेलेत, बँकेत विचारा.’ बँकेत सांगितले, ‘तुमच्या खात्यावर काहीच आलेले नाही, कोषागारात विचारा.’

विशेष म्हणजे दोघेही खरेच बोलत होते.

पैसे गेले, पण आले का नाहीत?

ज्या बँकेत त्यांचे खाते होते ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. विलीनीकरण झाले की लगेच काही बदलत नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी कोड फेब्रुवारी २०२१ अखेरपर्यंत चालू होते. अशा मधल्या काळात पेन्शन नेहमीसारखी येत राहते आणि पेन्शनर निर्धास्त राहतो. अडचण येते ती पुढे, जुने कोड बंद होऊन कोषागाराच्या नोंदीत नवे खाते क्रमांक भरले जातात तेव्हा.

इथे नवा क्रमांक चुकला तर दोन गोष्टी होऊ शकतात. तसे खातेच अस्तित्वात नसेल तर रक्कम कोषागाराकडे परत येते. काही दिवस जातात, पण पैसे सुरक्षित असतात. मात्र चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी खरा खाते क्रमांक असेल, तर रक्कम तिथे बिनबोभाट जमा होते. नाव जुळत नाही म्हणून व्यवहार अडेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेनुसार अशा इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येते. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

म्हणूनच कोषागाराच्या नोंदीत ‘अदा’ दिसत होते आणि कारकुनांचे पासबुक कोरे होते. हयातीचा दाखला राहिला असता तर पेन्शन थांबली असती आणि ‘अदा’ अशी नोंदच झाली नसती. हा फरक त्यांच्या लक्षात आला. आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेल्या माणसाने मग तिसरी फेरी न मारता पत्र लिहिले.

पत्रात काय होते?

‘प्रति, मा. जिल्हा कोषागार अधिकारी (निवृत्तिवेतन शाखा).
विषय : माझे दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन अन्य खात्यात जमा झाल्याबाबत.

महोदय, माझा पीपीओ क्रमांक वर नमूद केला आहे. बँकेच्या विलीनीकरणानंतर माझ्या नव्या खात्याचे शेवटचे चार अंक ०८३६ आहेत. आपल्या कार्यालयाच्या नोंदीनुसार दोन्ही महिन्यांची रक्कम अदा झालेली आहे. सोबतच्या खातेउताऱ्यात ती जमा दिसत नाही. तरी कृपया पुढील माहिती लेखी मिळावी.

एक, दोन्ही रकमा कोणत्या तारखेस व कोणत्या यूटीआर क्रमांकाने पाठवल्या आणि त्या परत आल्या आहेत काय. दोन, त्या कोणत्या आयएफएससी कोडवर व कोणत्या खात्यात पाठवल्या. खातेदाराचे नाव नको, शेवटचे चार अंक पुरेत. तीन, माझा खाते क्रमांक आपल्या नोंदीत कोणत्या तारखेस व कोणत्या कागदाच्या आधारे बदलला, त्या कागदाची प्रत.

पुढील महिन्याचे देयक तयार होण्यापूर्वी खाते क्रमांक दुरुस्त व्हावा, ही विनंती. आपला विश्वासू.’

सोबत पीपीओची प्रत, नव्या पासबुकाचे पहिले पान, रद्द केलेला धनादेश आणि जुना व नवा क्रमांक एकाच व्यक्तीचा असल्याचे शाखेचे पत्र. पत्राची एक प्रत शाखा व्यवस्थापकांना. दोन्हीकडे पोच म्हणून शिक्का आणि आवक क्रमांक घेतला.

‘पेन्शन मिळाली नाही’ एवढेच का लिहिले नाही?

कारण त्याचे उत्तर तयार होते : ‘अदा झाली आहे.’ पैसे कुठे गेले असे विचारल्यावर मात्र नोंद उघडावीच लागते. दुसऱ्या प्रश्नात नाव न मागणेही हुशारीचे होते. दुसऱ्या खातेदाराची माहिती देता येत नाही, असे सांगून अर्ज बाजूला ठेवायला वावच उरला नाही.

पण खरे काम केले तिसऱ्या प्रश्नाने. कोषागाराने उत्तरासोबत शाखेने पाठवलेल्या यादीची प्रत जोडली. यादीत एका रकान्यात जुने क्रमांक आणि दुसऱ्यात नवे. मधली एक ओळ सरकली होती आणि कारकुनांच्या जुन्या क्रमांकासमोर त्यांच्याच आडनावाच्या, खालच्या ओळीतील कुटुंबनिवृत्तिवेतनधारक महिलेचा नवा क्रमांक आला होता. कोषागाराने यादीबरहुकूम नोंद केली. म्हणजे चूक शाखेची, आणि तिचा कागद आता हातात होता.

त्या महिलेचे काय?

त्यांच्या खात्यात दोन महिने जादा रक्कम आली. महागाई भत्त्याची थकबाकी असेल, असे घरच्यांना वाटले. थकबाकी हप्त्याहप्त्याने येण्याची सवय असलेल्या पेन्शनरांना असे वाटणे स्वाभाविकच. त्यातले १८,००० रुपये पावसाआधी छप्पर दुरुस्त करण्यात खर्च झाले.

चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ तसे सांगते. पण कोषागार दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढून घेऊ शकत नाही, त्यासाठी बँकेलाच हालचाल करावी लागते. शाखेने महिलेकडून लेखी संमती घेतली, खात्यात शिल्लक असलेले ४४,९२० रुपये वळते केले आणि उरलेल्या १८,००० साठी महिना ३,००० चा हप्ता ठरवला. कारकुनांना मात्र सहा महिने थांबावे लागले नाही. चूक शाखेची असल्याचे कागदावर आल्यामुळे बँकेने पूर्ण ६२,९२० रुपये एकदम जमा केले आणि हप्ते स्वतःकडे घेतले. चूक कुणाची हे ठरले नसते, तर थांबण्याची वेळ त्यांच्यावरच आली असती.

बँकेने दाद दिली नसती तर?

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे पोच असलेली प्रत उपयोगी पडते. मात्र लोकपालांचा अधिकार बँकेवर चालतो, कोषागारावर नाही. कोषागार माहिती देत नसेल तर माहिती अधिकारात हेच तीन प्रश्न विचारता येतात, तिथेही मुदत ३० दिवसांचीच.

या प्रकरणात एक काम अजून बाकी आहे. त्या महिलेचे स्वतःचे कुटुंबनिवृत्तिवेतन तिच्याच खात्यात येत होते, म्हणजे तिच्या ओळीपासून यादी पुन्हा जुळलेली होती. पण वरच्या बाजूला ती नेमकी कुठून सरकली, हे पाहण्यासाठी शाखेने आता अख्खी यादी पुन्हा तपासायला घेतली आहे.