मित्रांना माहीत, घरी नाही

सांगलीकडचा, पुण्यात नोकरी करणारा एक तिशीतला तरुण डोळ्यांसमोर आणा. तो गे आहे हे मित्रांना ठाऊक आहे; घरी कधी सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही. त्याची इन्स्टाग्रामवर दोन खाती आहेत. एक नातेवाइकांसाठी, दुसरं टोपणनावाने, मित्रांपुरतं. तरीही हे दुसरं खातं एखाद्या दिवशी मावशीच्या फोनवर ‘ओळखीचं’ म्हणून झळकू शकतं.

याचं कारण बहुतेक वेळा मोबाइल नंबर असतो. मावशीने ॲपला आपली संपर्कयादी वाचू दिली असेल आणि भाच्याने दोन्ही खात्यांना एकच नंबर जोडला असेल, तर ॲपला धागा जुळवायला वेळ लागत नाही. म्हणून दुसरं खातं वेगळ्या ईमेलवर उघडावं, त्याला नंबर देऊ नये, संपर्कयादीची परवानगी बंद ठेवावी आणि खातं प्रायव्हेट करावं.

दुसरा धागा फोटोचा. व्हॉट्सॲपच्या डीपीवरचाच फोटो डेटिंग ॲपवर लावला, तर टोपणनावाला अर्थ राहत नाही. तिथला फोटो इतरत्र कुठेही न वापरलेला हवा. मागे सोसायटीची पाटी किंवा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र नको. ग्राइंडरवर अंतर दाखवणं बंद करता येतं, पण प्रोफाइल जवळून लांब अशाच क्रमाने दिसतात. त्यामुळे दिवाळीला गावी गेल्यावर शेजारच्या आळीतल्या माणसाला अंदाज येऊ शकतो. तेवढे दिवस ॲप न उघडणं आणि लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद ठेवणं बरं.

तिसरा धागा मात्र त्याच्या हातात नसतो. प्राइड मोर्चातला फोटो मित्र कौतुकाने टाकतो आणि टॅग करतो. टॅग आधी मंजुरीसाठी आपल्याकडे यावा, अशी सोय आहे. पण टॅग नाकारला तरी फोटो मित्राच्या खात्यावर राहतोच. ‘क्लोज फ्रेंड्स’मधल्या स्टोरीचाही स्क्रीनशॉट निघतो. इथे सेटिंग अपुरं पडतं. “घरी माहीत नाही, माझा फोटो टाकण्याआधी विचार,” हे मित्रांना स्पष्ट सांगावं लागतं.

एवढं करूनही कुणी ‘घरी सांगेन’ म्हणत पैसे मागितले, तर देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढत जाते. चॅट पुसू नये. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवावेत आणि 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करावी. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध 2018 पासून गुन्हा नाहीत, आणि लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच म्हटलं आहे. खंडणी मागणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे. म्हणजे पोलिसांची भीती धमकावणाऱ्याला असायला हवी, त्या तरुणाला नव्हे.